यात मी आहे का?

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलतभावाचा मेसेज आला. दादा बंगळुरूला असतो, कामाच्या निमित्ताने दिवसभर इंग्रजीच बोलतो, आणि घरच्यांना लिहितानाही त्याला आधी तीच भाषा सुचते. ‘वुई आर गोइंग टू कोकण धिस दिवाळी!’ एवढंच वाक्य, खाली समुद्राचा एक फोटो. पाठोपाठ अंगठे, हृदयं, नारळाची झाडं यांची रांग लागली. मी भाजणी भाजत होते, सगळ्या घरात धणे-जिऱ्याचा खमंग वास भरला होता, एका हाताने मीही एक अंगठा टाकून दिला. दुपारी मिरजेहून आत्याचा फोन आला. आधी पावसाचं झालं, मग गुडघ्यांचं, मग समोरच्या घरातल्या नव्या भाडेकरूंचं. शेवटी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “अगं, ते कोकणाचं लिहिलंय ना त्यानं, त्यात मी आहे का?”

आत्या शाळेत शिक्षिका होती. तिला इंग्रजी वाचता येतं, त्या वाक्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता. मी मेसेज पुन्हा उघडला आणि लक्षात आलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता येत नाही. त्या ‘वुई’मध्ये कोण कोण होतं? दादा, वहिनी आणि मुलं? की त्याची बंगळुरूची मित्रमंडळी? की आम्ही सगळी भावंडं, काका-काकू आणि आत्या? ग्रुपवर टाकलंय म्हणजे सगळ्यांसाठीच असणार, असं एकदा वाटे. नुसतं कळवायला टाकलं असेल, असंही वाटे. “तूच विचार ना त्याला,” मी म्हटलं. तर म्हणाली, “मी कशी विचारू? नसले तर त्याला ओशाळल्यासारखं होईल. मग नाइलाजानं चल म्हणेल.” मग मीच विचारलं. मिनिटाभरात दादाचं उत्तर आलं, ‘ऑल ऑफ अस! आत्या टू, ऑफकोर्स!’ आत्या आली, गुहागरच्या किनाऱ्यावर अनवाणी चालली, सगळं छान झालं. पण पहिलं वाक्य लिहिताना ती दादाच्या मनात होती की नव्हती, हे आता कुणालाच कळायचं नाही. कदाचित त्याचं त्यालाही माहीत नसेल. इंग्रजीने त्याला ते ठरवायला लावलंच नव्हतं.

मराठीत लिहिलं असतं, तर पहिल्याच शब्दाला ठरवावं लागलं असतं. ‘आम्ही दिवाळीला कोकणात चाललोय’ किंवा ‘आपण दिवाळीला कोकणात चाललोय’.

आत्याला फोन करावा लागला नसता.

हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शाळेच्या व्याकरणात मी-आम्ही, तू-तुम्ही, तो-ते अशा जोड्या घोकलेल्या असतात, आणि ‘आपण’ हे ‘स्वतः’च्या शेजारी आत्मवाचक सर्वनामांत जाऊन बसलेलं असतं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’, हा नियम पाठ केल्याचं मला आठवत नाही. तरी खेळात घ्यायचं की नाही हे तेव्हा याच दोन शब्दांवर ठरे. गल्लीच्या टोकाशी नवी मुलगी येऊन उभी राहिली की कुणीतरी सांगे, “आम्ही लगोरी खेळतोय.” ती तिथेच थांबे. एखाद्या दिवशी कुणी म्हणे, “आपण लगोरी खेळतोय, तू त्यांच्यात ये,” आणि ती चपला काढून धावत सुटे. खेळ तोच, क्रियापदही तेच, ‘खेळतोय’. फरक पडायचा तो सर्वनामात, आणि तो आठ वर्षांच्या मुलीलाही चेहऱ्यावर चापट बसावी तसा कळायचा.

आता माझ्या भाचीचं बोलणं ऐकते. ती इंग्रजी माध्यमात जाते, घरात मराठी असली तरी तिचे विचार बहुतेक इंग्रजीतून येतात. गाडीत मागच्या सीटवरून ती विचारते, “आई, आम्ही कुठे चाललोय?” तिची आई आरशातून बघत म्हणते, “आम्ही म्हणजे तू आणि कोण? मी नाही का येत?” तिला काही चूक दिसत नाही. तिच्याकडे ‘वुई’ हा एकच डबा आहे आणि त्यावर ‘आम्ही’ अशी चिठ्ठी लागलेली आहे. हिंदी घरातून आलेल्या, नव्याने मराठी शिकणाऱ्या माझ्या शेजारणीचंही असंच होतं. ‘हम’चं तिने सरसकट ‘आम्ही’ केलंय. जिन्यात भेटली की प्रेमाने म्हणते, “आम्ही एकदा चहाला बसू.” तिचं बोलावणं मनापासून असतं, हे मला पुरतं माहीत आहे. तरी ते वाक्य कानावर पडताच क्षणभर मी त्या चहाच्या बाहेर राहते.

भाचीची आई तिला एक सोपी खूण सांगते, आणि ती मला फार आवडली. वाक्याच्या शेवटी ‘-ऊया’ येत असेल तर पुढे ‘आम्ही’ बसतच नाही. ‘आपण खेळूया’, ‘आपण जाऊया’ हे होतं. ‘आम्ही जाऊया’ हे मराठीच होत नाही, तोंडातच अडतं. कारण ‘-ऊया’मध्ये समोरच्याचा हात धरलेला आहे, त्याला मागे ठेवून ते रूप वापरता येत नाही. आणि ‘जाऊ का?’ एवढंच विचारलं तर दोन्ही सर्वनामं चालतात, पण प्रश्न दोन होतात. “आम्ही जाऊ का?” ही परवानगी आहे, समोरचा मागे राहणार आहे. “आपण जाऊ का?” हा बेत आहे, समोरचा बरोबर येणार आहे. इंग्रजीत पाहिलं तर तिथे ‘वुई’ बदलत नाही, त्याच्या पुढचं क्रियापद बदलतं. परवानगी मागताना ‘मे वुई गो’, बेत सुचवताना ‘शॅल वुई गो’. म्हणजे जो फरक आपण सर्वनामात ठेवतो, तो त्यांनी दुसऱ्याच ठिकाणी ठेवलाय.

त्यांच्याकडे ‘-ऊया’ची सख्खी बहीणही आहे, ‘लेट्स’. ‘लेट्स गो’ म्हणजे चल, जाऊया, आणि त्यात ऐकणारा आलाच. पण हाच शब्द फोडून ‘लेट अस गो’ असा म्हटला की दोन वाटा फुटतात. प्रार्थनेच्या आधी पाद्री ‘लेट अस प्रे’ म्हणतो तेव्हा तो सगळ्यांना धरून बोलतो, ते ‘आपण प्रार्थना करूया’. पण डांबून ठेवलेली माणसं पहारेकऱ्याला ‘लेट अस गो’ म्हणतात, तेव्हा ते ‘आम्हाला जाऊ द्या’ असतं आणि पहारेकरी त्या ‘अस’मध्ये नसतो. डांबलेला माणूस ‘लेट्स गो’ म्हणणारच नाही. तसं म्हटलं तर तो पहारेकऱ्यालाही बरोबर चल म्हणतोय असं होईल. म्हणजे हा भेद इंग्रजी बोलणाऱ्यांनाही पुरता जाणवतो. त्यांच्या सर्वनामाला तेवढी त्यासाठी जागा मिळालेली नाही.

मराठीत मात्र सगळं लखलखीत उजेडात आहे, असं मी म्हणणार नाही. आपली क्रियापदं सर्वनामाशिवाय उभी राहतात, आणि एकदा सर्वनाम गाळलं की ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातली भिंत नाहीशी होते. ‘दिवाळीला कोकणात चाललोय’ असं दादाने लिहिलं असतं, तर ते ‘आम्ही’ असतं, ‘आपण’ असतं, आणि तो पुरुष असल्यामुळे ‘मी’ही असतं. याहूनही सोयीचं म्हणजे ‘कोकणात जायचं घाटतंय’. यात तर कर्ताच नाही. कुणाला बोलवायचं हे नक्की झालेलं नसतं, किंवा बोलवायचं नसतं पण तसं म्हणवत नाही, तेव्हा माणसं बरोबर या वाक्यांचा आडोसा घेतात. नीट ऐकलं तर हा आडोसा ओळखू येतो. एरवी घडाघडा ‘आम्ही’ म्हणणारा माणूस अचानक सर्वनामं गाळायला लागला की समजायचं, इथे काहीतरी ठरलेलं नाही. आत्याने तसं वाक्य वाचलं असतं तर तिने फोन केला नसता, दोन दिवस वाट पाहिली असती. त्या भाषेतलं थांबणं तिला कळतं. ‘वुई’मध्ये ते थांबणंही ऐकू येत नाही, आणि मला वाटतं तिला त्याचाच त्रास झाला.

मी भाषांतराची कामं करते, आणि या दोन शब्दांशी माझी खरी गाठ पडली ती एका पत्रात. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने कामगारांसाठी इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. ते मराठीत करून सूचनाफलकावर लावायचं होतं. पत्र छोटं होतं, नीट लिहिलेलं होतं, वाचताना लिहिणाऱ्याला खरंच वाईट वाटतंय असं जाणवत होतं. त्याचा कणा तीन वाक्यांचा होता. ‘वुई’ला हे वर्ष जड गेलं. ‘वुई’ने दुसरी पाळी बंद करायचं ठरवलं आहे. ‘वुई’ यातून नक्की बाहेर पडू. इंग्रजीत ही तीन वाक्यं एका दोऱ्यात ओवलेली दिसत होती. मी मराठीत आणायला बसले, आणि पहिल्या वाक्याआधीच विचारावं लागलं, कोणाला जड गेलं?

‘आम्हाला हे वर्ष जड गेलं’ असं लिहिलं, तर फलकासमोर उभा असलेला माणूस म्हणणार, आणि मग आम्हाला काय सोपं गेलं? त्यांचा ओव्हरटाइम थांबला होता. तेव्हा पहिलं वाक्य ‘आपल्या सर्वांना’ हेच खरं होतं. तिसऱ्यालाही ‘आपण’च हवं होतं. ‘आम्ही यातून बाहेर पडू’ म्हटलं असतं, तर उरलेल्यांचं काय, हा प्रश्न त्या वाक्यानेच विचारला असता. पण मधलं वाक्य? पाळी बंद करायचं कामगारांनी ठरवलं नव्हतं. तिथे ‘आपण’ लिहिणं खोटं झालं असतं. त्यातून आणखी एक घोटाळा होता. ‘आपण’ हा मराठीत ‘तुम्ही’चा आदरार्थी शब्दही आहे. बोलताना ‘आपण ठरवलंत’ मधला शेवटचा ‘त’ सांगतो की हे समोरच्याबद्दल आहे. पण लेखी, औपचारिक मराठीत तो ‘त’ पुष्कळदा गळतो. ‘आपण दुसरी पाळी बंद करण्याचा निर्णय घेतला आहे’ हे वाक्य कामगाराने असंही वाचलं असतं, की हा निर्णय त्याच्याच नावावर मांडलाय.

म्हणून मी आपल्या, आम्ही, आपण, असं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. गृहस्थ सौजन्याने बोलत होते. “मॅडम, बाकी सगळं छान झालंय. पण मध्येच हे ‘आम्ही’ कसं आलं? एकदम तोडल्यासारखं वाटतं.” मी म्हटलं, ते तुटणं मूळ पत्रातच आहे, इंग्रजीत ते दिसत नाही इतकंच. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “‘व्यवस्थापनाने’ करूया का?” पण ते त्यांनाच कोरडं वाटलं. शेवटी त्यांनी सुचवलं, ‘निर्णय घेण्यात आला आहे’. फलकावर तेच लागलं. ‘घेण्यात आला आहे’ हे आपल्या सरकारी मराठीचं जुनं, भरवशाचं रूप, त्यात निर्णय असतो आणि घेणारा नसतो. ‘वुई’ने इंग्रजीत जे झाकलं होतं, ते झाकायला मराठीला सर्वनामच काढून टाकावं लागलं. मला अजूनही वाटतं की तिथे ‘आम्ही’च हवं होतं. ते टोचलं असतं, हे खरं. पण ज्याची पाळी गेली त्याला निदान कळलं असतं की हे ठरवणारी माणसं आहेत, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावाने सांगितलंय.

मग कामगार संघटनेचं उत्तर आलं, आणि ते इंग्रजीत करायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यात एक वाक्य होतं, ‘आम्ही मागे हटणार नाही, पण आपण बसून बोलू शकतो.’ मराठीत हे वाक्य किती स्वच्छ आहे! पहिल्या अर्ध्यात व्यवस्थापन बाहेर आहे, दुसऱ्या अर्ध्यात आत आहे. दार लावलंय आणि त्याच वाक्यात उघडलंय. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला तर होतं, ‘वुई विल नॉट बॅक डाउन, बट वुई कॅन सिट अँड टॉक’. दोन्हीकडे ‘वुई’. वाचणाऱ्याला दुसरा ‘वुई’ही संघटनेचाच वाटणार, जणू कामगार आपापसात बसून बोलणार आहेत. वाक्यातला समेटाचा हात नेमका तिथेच हरवत होता.

इंग्रजीला इथे शब्द खर्चावे लागतात, आणि ते कुठे खर्चायचे हे समजायला मला वेळ लागला. समोरच्याला बाहेर ठेवायचं असेल तर ‘वुई’च्या पाठीला नाव जोडतात, ‘वुई द वर्कर्स’, किंवा ‘वुई’ टाकून नावंच घेतात. एखादी बाई ‘सुनील अँड आय आर लीव्हिंग’ म्हणते, तेव्हा सुनील आणि ती एवढेच निघालेत, ऐकणारा राहणार आहे, हे नक्की होतं. वाक्यात ‘यू’ वेगळा आला, तरी काम भागतं. ‘वुई विल कॉल यू’मध्ये ‘यू’ पलीकडच्या टोकाला उभा आहे, म्हणून तो ‘वुई’ आपोआप ‘आम्ही’ होतो. आत घेणं त्या मानाने जास्त खर्चाचं आहे. त्यासाठी ‘यू अँड आय’, ‘बोथ ऑफ अस’, ‘ऑल ऑफ अस’, नाहीतर वाक्याच्या शेवटी ‘टुगेदर’. मी शेवटी लिहिलं, कामगार मागे हटणार नाहीत, ‘बट यू अँड वुई कॅन स्टिल सिट डाउन टुगेदर’. एका ‘आपण’साठी ‘यू’, ‘वुई’ आणि ‘टुगेदर’ असे तीन शब्द लागले. अर्थ पोचला. पण मराठीत जे सहज, श्वासाबरोबर आलं होतं, ते इंग्रजीत मुद्दाम म्हटल्यासारखं, जरा भाषणासारखं झालं. दादाचं ‘ऑल ऑफ अस! आत्या टू’ हेही असंच होतं. विचारल्यावर दिलेलं, पदर सारखा करून पुढे केलेलं.

या दोन शब्दांनी मला सगळ्यात जास्त चटका दिला तो मात्र घरात. लग्न होऊन सासरी आले तेव्हा सासूबाई पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, “आपल्यात गणपती पाच दिवसांचा असतो.” ‘आमच्यात’ म्हटलं असतं तरी माहिती तीच मिळाली असती. त्या ‘आपल्यात’ने मी एका वाक्यात घरची झाले, आणि खरं सांगायचं तर मला ते एकाच वेळी फार बरं वाटलं आणि थोडं घाबरायलाही झालं. मला कुणी विचारलं नव्हतं, मी अजून आत आले नव्हते, आणि शब्दाने मला आत ओढून घेतलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी आईशी फोनवर बोलत होते. तिने वांग्याचं भरीत कसं केलं ते सांगितलं, आणि मी म्हटलं, “आमच्याकडे भरतात लसूण नाही घालत.” म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. त्या ‘आमच्याकडे’त आई नव्हती. तोवर मी तिच्याशी बोलताना माहेरच्या घराला ‘आपल्याकडे’ म्हणायची, अजूनही म्हणते. पण त्या दिवसापासून तिच्याशी बोलतानाच एक ‘आमच्याकडे’ सुरू झालं, जिथे ती पाहुणी होती. आई एवढंच म्हणाली, “हो का? बरं.” तिच्याही लग्नानंतर तिने तिच्या आईला हेच ऐकवलं असणार.

न्यू जर्सीत वाढलेली माझी मावसबहीण आपल्या आईशी इंग्रजीत बोलते. मी तिला विचारलं, तू काय म्हणतेस? दोन्हीकडे ‘अवर प्लेस’ चालतं म्हणाली, पण आईशी बोलताना ती आईच्या घराला ‘होम’ म्हणते आणि स्वतःच्या घराला ‘अवर प्लेस’. मग थोडा विचार करून म्हणाली, हे मी ठरवून कधी केलं नाही. मला वाटतं, इंग्रजी सर्वनामाने न केलेली वाटणी तिथे ‘होम’ या शब्दाने केली.

‘आपण’ हा शब्द इतकं सगळं कसं पेलतो, याचं उत्तर त्याच्या मुळात आहे. संस्कृतात ‘वयम्’ हा एकच शब्द होता, त्यात ऐकणारा असो वा नसो. ‘आम्ही’ त्याच घराण्यातला, ‘अस्मद्’ आणि प्राकृतातल्या ‘अम्हे’कडून आलेला. ‘आपण’ मात्र ‘आत्मन्’पासून, प्राकृतातल्या ‘अप्पण’वरून आला. त्याचा मूळ अर्थ स्वतः. म्हणून ‘त्याने आपली पिशवी उचलली’मध्ये तो तिसऱ्या माणसाचा होतो, ‘आपण बसावं’मध्ये आदराचा ‘तुम्ही’ होतो, मुंबईच्या नाक्यावर ‘आपल्याला नाही जमत’ म्हणणाऱ्याचा ‘मी’ही होतो, आणि दोघं एकत्र असले की दोघांचा मिळून ‘आपण’ होतो. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, राजस्थानीत ‘म्हे’ आणि ‘आपां’ अशा याच जोड्या आहेत. दक्षिणेला तेलुगूत ‘मेमु’ वेगळं आणि ‘मनमु’ वेगळं. संस्कृतात नसलेला हा भेद आपल्याकडे आला तो द्राविडी शेजाराने, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला त्यातलं एवढंच भावतं, की समोरच्याला आत घ्यायला मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही, तिने ‘स्वतः’चाच शब्द त्याला दिला.

इंग्रजीतल्या शब्दांनीही हा भेद करता येतो, हे मला पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेविषयी वाचताना कळलं. तिथल्या आणि आसपासच्या बेटांवरच्या अनेक भाषांत आपल्यासारखे दोन ‘आम्ही’ आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांशी व्यवहार करता करता त्या लोकांनी इंग्रजी शब्द उचलले, पण ‘वुई’ उचलला नाही. त्यांनी ‘यू’ आणि ‘मी’ जोडून ‘युमी’ केला, म्हणजे तू धरून आपण. आणि ‘मी’ला ‘फेलो’चं झालेलं ‘पेला’ जोडून ‘मीपेला’ केला, म्हणजे तू सोडून आम्ही. जे सांगायला इंग्रजीला तीन शब्द खर्चावे लागतात, ते त्यांनी तिच्याच शब्दांचं एकच सर्वनाम करून सांगितलं. शेजारच्या वानुआतूतली बिस्लामा भाषा याच कुळातली. त्या देशाच्या राष्ट्रगीताच्या धृपदात ‘युमी, युमी, युमी’ असं तीनदा येतं. गाणारे एकमेकांकडे बघून ‘आपण’ म्हणतात.

ते वाचलं आणि मला आपली उद्देशिका आठवली. ‘आम्ही, भारताचे लोक’. इतकी वर्षं २६ नोव्हेंबरला ती म्हणताना मी कधी अडखळले नव्हते, त्या वेळी अडखळले. इथे ‘आपण’ का नाही? इंग्रजीतल्या ‘वुई, द पीपल’ला हा प्रश्नच पडत नाही. भाषांतर करणारी म्हणून मी कागदावर ‘आपण, भारताचे लोक’ असं लिहून पाहिलं. ती सगळी उद्देशिका एकच लांब वाक्य आहे, आणि मराठीत क्रियापद शेवटी. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे सगळं पार करून, संविधानसभा आणि १९४९ची तारीख ओलांडून, अगदी शेवटी ‘करीत आहोत’ येतं. तोवर ‘आपण’ म्हणजे बोलणारेही धरून आपण, की कुणी व्यासपीठावरून ‘आपण भारताचे लोक’ असं समोरच्यांना आदराने संबोधतोय, हे कळायला मार्ग नाही. आणि जाहीरनाम्यात बोलणारा कोण, हे पहिल्या शब्दाला कळायला हवं. ‘आम्ही’ म्हटलं की ते कळतं. पुढे ‘आमच्या संविधानसभेत’ असंही त्याच आवाजात येतं.

पण ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर जायला हवा. तो कोण, हे मी त्या मजकुरात शोधलं. ब्रिटिशांना उद्देशून काही म्हटलेलं नाही, जगाला नाही, देवालाही नाही. वाक्य संपताना ज्याच्या हाती संविधान ठेवलंय तो शब्द आहे ‘स्वतःप्रत’. म्हणणारे आणि घेणारे तेच लोक. सभागृहात सगळे उभे राहून एका आवाजात ते म्हणतात तेव्हा ऐकायला वेगळा कुणी उरत नाही, म्हणून त्या ‘आम्ही’तून कुणी वगळलाही जात नाही. आणि ज्या ‘आत्मन्’मधून ‘आपण’ आला, त्याच अर्थाचा ‘स्वतः’ त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला, क्रियापदाच्या अगदी अलीकडे येऊन थांबलाय.